रजेचा अर्ज थेट सीईओंकडे जाणार आहे, भाषा किती औपचारिक ठेवावी?

कोयनाकाठ
नमस्कार मंडळी. मी सातारा जिल्ह्यातल्या एका नागरी सहकारी बँकेच्या शाखेत पासिंग ऑफिसर आहे. एरवी रजा हवी असली की आदल्या दिवशी शाखाधिकाऱ्यांना सांगतो, "साहेब, उद्या आईला दवाखान्यात न्यायचंय, येत नाही." परत आल्यावर छापील फॉर्म भरून देतो. त्यापलीकडे कधी काही लिहावं लागलं नाही.

यंदा आईला माऊलींच्या पालखीबरोबर आळंदीपासून पंढरपूरपर्यंत चालायचं आहे. तिचं वय 64, एक गुडघा दुखरा. तिला एकटीला पाठवायला मन धजत नाही, म्हणून मीही चालणार. अधिक महिन्यामुळे आषाढी एकादशी 25 जुलैला आली आहे, तेव्हा मला 8 जुलैपासून रजा लागेल. आमच्याकडे सात दिवसांपर्यंतची रजा शाखाधिकारी मंजूर करतात. त्यापुढची मुख्य कार्यालयात मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे जाते. मी केलेला मसुदा असा:

"मा. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस सविनय सादर करण्यात येते की, मी आपल्या नामांकित बँकेचा एक प्रामाणिक व निष्ठावान सेवक आहे. माझ्या पूज्य मातोश्रींची पंढरीच्या वारीची अनेक वर्षांची मनीषा असून ती पूर्ण करण्याचे भाग्य मला लाभावे, याकरिता दि. 8 जुलैपासून 19 दिवसांची रजा देऊन आपण मजवर कृपा करावी. आपल्या या उपकारांची जाणीव मी आयुष्यभर ठेवीन. आपला आज्ञाधारक,"

बायको म्हणते हे फार झालं. शाखेतले एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, वरच्या साहेबांना असंच लिहितात, नाहीतर उद्धट वाटतं. कुणाचं ऐकू?

मुळशीकर
वहिनींचं ऐका. मी पुण्यात आयटीत आहे. आमच्या डायरेक्टरला सगळे पहिल्या नावाने हाक मारतात. मी तीन आठवड्यांची रजा मागितली तेव्हा मेल दोन ओळींचा होता: अमुक ते अमुक तारखेला नाही, माझं काम अमुक बघेल. तासाभरात 'ओके' आलं. माणूस जितका वरचा, तितकं कमी लिहायचं. त्यांच्याकडे वेळ नसतो.

सोलापूरचे आबा
मुळशीकर, तुमच्या कंपनीत ते चालत असेल, पण सहकारी बँकेत अर्ज हा कागद असतो. तो सेवापुस्तकाला लागतो, लेखापरीक्षकासमोर येतो, आणि उद्या रजेच्या दिवसांवरून वाद झाला तर तोच काढून बघतात. मी जिल्हा परिषदेतून कार्यालयीन अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. रजेच्या अर्जांच्या फायलीच माझ्या टेबलावरून जायच्या.

कोयनाकाठ, तुमच्या मसुद्यात विशेषणं पुष्कळ आहेत, पण एक महत्त्वाची ओळ नाही. 'प्रति, मा. मुख्य कार्यकारी अधिकारी' याच्या खाली 'मार्फत, मा. शाखाधिकारी' हवं. तुम्ही शाखाधिकाऱ्यांना वगळून थेट वर लिहिलंत, तर भाषा कितीही नम्र असली तरी तो अर्ज उद्धटच ठरतो. मुख्य कार्यालय तो अभिप्रायासाठी खाली पाठवतं आणि तुमचे आठ-दहा दिवस त्यातच जातात. वर लिहिताना मान दिसतो तो अर्ज कोणाच्या हातून गेला यात. आज्ञाधारक लिहिण्यात तो नसतो.

गोदाघाट
माझ्या बाबतीत तर रजा मंजूर असूनही पगार कापला. मला टायफॉइड झाला होता, डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडलं होतं, तरी विनावेतन धरली. अशा वेळी तक्रार कुठे करायची? कामगार आयुक्तांकडे जाता येतं का?

तारा_कु
गोदाघाट, तुमचा विषय वेगळा आहे. त्यासाठी नवा धागा काढा, इथे तो हरवून जाईल. सर्टिफिकेट कोणत्या तारखेला दिलंत ते मात्र तिथे लिहा, बहुतेक वेळा गाडी तिथेच अडलेली असते.

कोयनाकाठ, मी एका मोठ्या पतसंस्थेत सरव्यवस्थापकांची स्वीय सहायक आहे. खालून आलेला प्रत्येक रजेचा अर्ज आधी मी वाचते, मग तो साहेबांच्या फोल्डरमध्ये जातो. आतून काय दिसतं ते सांगते.

साहेब पूर्ण अर्ज वाचत नाहीत. आधी विषयाची ओळ, मग तारखा, मग सगळ्यात खाली शाखाधिकाऱ्यांचा शेरा. शेरा 'शिफारस' असेल आणि वरती काही खटकलं नाही, तर सही होते. तुमच्या मसुद्यात तारखेपर्यंत पोहोचायला 'नामांकित', 'निष्ठावान', 'पूज्य' आणि 'भाग्य' पार करावं लागतं. त्यातून साहेबांचा मान वाढत नाही, उलट शंका येते. इतकं लांबण का लावलंय, हे आपल्या हक्काची रजा मागताहेत की काही सवलत मागताहेत, असं वाटतं. मग ते मला विचारतात, "यांची रजा शिल्लक आहे ना?" मी फाईल मागवते, आणि अर्ज दोन दिवस पडून राहतो.

आमच्याकडून अर्ज परत जातात ते भाषेमुळे क्वचित. रजेचा प्रकार लिहिलेला नाही, शेवटची तारीख नाही, शिल्लक रजा नाही, किंवा जागेवर कोण काम करणार ते नाही, ही कारणं असतात. टीम लीडला किंवा शाखाधिकाऱ्यांना हे सांगावं लागत नाही, कारण ते तुमच्या शेजारी बसतात. तुमचं टेबल कोण सांभाळेल हे त्यांना तुमच्याआधी सुचतं. वरच्या साहेबांना तुमचं टेबल माहीत नसतं. म्हणून वर जाताना माहिती वाढवायची आणि विशेषणं कमी करायची. बहुतेक लोक याच्या बरोबर उलट करतात.

मुळशीकर
ताई, मग शेवटी मी म्हणालो तेच ना? थोडक्यात लिहा.

तारा_कु
अर्धं तेच. तुमच्या दोन ओळी चालल्या, कारण शिल्लक रजा तुमच्या डायरेक्टरना संगणकावर समोर दिसत होती आणि तुमच्या लीडनी आधी बोलून ठेवलं असणार. तो मेल मंजुरीसाठी नव्हता, कळवण्यापुरता होता. यांच्याकडे सही या कागदावरच होणार आहे.

मुळशीकर
लीडशी आधी बोललो होतो, हे खरं आहे.

नगरी_बाणा
अहो, बँकेत आहात तर एवढी विनवणी कशाला? रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे की संवेदनशील पदावरच्या माणसाला वर्षातून एकदा सलग किमान 10 कामाचे दिवस सक्तीची रजा द्यायची. पासिंग ऑफिसर त्यात येणारच. अर्जात त्या परिपत्रकाचा संदर्भ टाका, मंजूर करावीच लागेल. मग भाषा कशीही असली तरी काय फरक पडतो?

पडताळणी
नगरी_बाणा, नियम आहे, पण तो या कामाचा नाही. मी सहकारी बँकांची लेखापरीक्षणं करते. रिझर्व्ह बँकेच्या 2021 च्या सूचनेत ती रजा कर्मचाऱ्याला आधी न कळवता द्यायची आहे. माणूस अचानक बाजूला झाला आणि दुसरा त्याच्या जागी बसला, तर काही गैरप्रकार असल्यास तो उघडा पडतो, हा तिचा हेतू. आपण तारीख ठरवून, महिनाभर आधी अर्ज करून मागितलेली रजा त्यात बसत नाही. कोणती पदं त्यात येतात हेही बँकेचं धोरण ठरवतं.

आणि सूर बघा. "परिपत्रकानुसार मला रजा द्यावीच लागेल" असं सीईओंना लिहिणं म्हणजे आईच्या वारीच्या अर्जात भांडण उकरून काढणं. नियमाचा आधार घ्यायचा तर तो आपल्या सेवानियमांतल्या अर्जित रजेचा. तोही एका शब्दात पुरे, 'अर्जित रजा'.

कोयनाकाठ, मला एक सांगा. तिजोरीची एक किल्ली तुमच्याकडे असते का?

कोयनाकाठ
हो ताई. कॅशची तिजोरी दोन किल्ल्यांची आहे. एक रोखपालाकडे, एक माझ्याकडे. हे अर्जात लिहायचं असतं हे डोक्यातच आलं नाही. शाखाधिकाऱ्यांना रजा सांगतो तेव्हा किल्ली त्यांच्याच हातात देतो, रजिस्टरला सह्या होतात, संपलं.

आणखी एक गोष्ट पहिल्या पोस्टमध्ये लिहायची राहिली. आत्ताचे सीईओ पूर्वी आमच्याच शाखेचे शाखाधिकारी होते. मी तेव्हा क्लार्क होतो. ते मला अजून 'अरे-तुरे' करतात, आईलाही ओळखतात. म्हणूनच जास्त गोंधळ होतोय. इतक्या जवळच्या माणसाला रुक्ष लिहिलं तर त्यांना वाटेल की हा परका झाला. आणि घरच्यासारखं लिहिलं तर तो अर्ज मुख्य कार्यालयातले दहाजण वाचणार.

शेवंती
हे आधी सांगायचं ना दादा! मग सरळ फोन करा. "साहेब, आईला वारीला न्यायचंय." झालं. ओळख असताना कागद कशाला?

सोलापूरचे आबा
शेवंतीताई, फोन जरूर करावा, पण कागदाच्या जागी फोन नको. कोयनाकाठ, तुमचे साहेब त्या कागदावर सही करतील ती पदाच्या नात्याने. अर्जात जुन्या ओळखीचा एक शब्दही आला, तर सही करताना त्यांनाच अवघड होईल. दुसऱ्या शाखेतल्या कोणाची रजा त्याच महिन्यात नाकारली गेली असेल, तर बोट त्यांच्याकडे जाईल. तुमचा अर्ज अनोळखी साहेबाला लिहिला असता तसाच हवा. फोनवर मात्र 'साहेब, आईनं आठवण काढली' म्हणा. ते तोंडी बोलणं त्यांना आवडेल.

आमच्याकडे एक उपअभियंता मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या वर्गातले होते. एकमेकांना एकेरीत हाक मारायचे. पण अर्जात 'मा. महोदय' आणि 'मार्फत कार्यकारी अभियंता' कधी चुकलं नाही. त्यामुळे त्यांच्या रजेबद्दल कोणी कधी कुजबुज केली नाही.

पडताळणी
आबांशी सहमत, एक भर घालते. फोन अर्ज पोहोचल्यावर करा. आधी केलात तर साहेब म्हणतील "पाठव, बघतो", आणि मग शाखाधिकाऱ्यांचा शेरा नुसता उपचार होऊन बसेल. आबांनी 'मार्फत'ची जी गोष्ट सांगितली तीच इथेही लागू पडते.

आता किल्ली. पासिंग ऑफिसर दोन आठवड्यांहून जास्त नसणार म्हणजे किल्लीचा ताबा, पासिंगचे अधिकार आणि संगणक प्रणालीतला तुमचा युजर, या तिन्हींची सोय लागते. तपासणीत मला हमखास सापडतं ते असं: अधिकारी रजेवर, पण त्याच्या युजरने व्हाउचर पास झालेली. सोयीसाठी पासवर्ड देऊन गेलेला असतो. सीईओंना या गोष्टीची काळजी असते. तुम्ही ती स्वतःहून एका वाक्यात मिटवलीत, तर त्या अर्जात नम्रताही आली आणि जबाबदारीही.

वारकरी_निरेचा
माऊली! दिंडीत नाव आधी नोंदवा, म्हणजे मुक्कामाची आणि जेवणाची चिंता राहत नाही. दिवेघाटाच्या दिवशी आईंना वाटेल तेव्हा दिंडीच्या ट्रकमध्ये बसवा, त्यात कमीपणा नाही. नवे बूट घालून निघू नका, महिनाभर आधी वापरून मऊ करा.

कोयनाकाठ
धन्यवाद माऊली. दिंडी ठरली आहे. ट्रकचं आईला पटवायचं बाकी आहे.

शेवंती
मला एक विचारायचंय. अर्जात वारी हे कारण लिहावं का? 'वैयक्तिक कारणास्तव' पुरे नाही का? आमच्या ऑफिसमध्ये एकाने वारी लिहिली, तर वरच्यांनी "सुट्टीच्या दिवशी एका टप्प्याला जाऊन या" असं सुनावलं. श्रद्धेची गोष्ट कोणाच्या मर्जीसाठी कागदावर का मांडायची?

तारा_कु
दोन-तीन दिवसांसाठी 'वैयक्तिक' चालतं, कोणी विचारत नाही. अडीच आठवड्यांसाठी लिहिलं तर आमचे साहेब शाखेत फोन लावतात, "काय झालं त्यांच्याकडे?" आजारपण आहे का, दुसरीकडे नोकरी बघताहेत का, असे प्रश्न पडतात. एक साधं वाक्य लिहिलं की ते थांबतात. पण वाक्य एकच. मनीषा, भाग्य, पुण्य नको.

मुळशीकर
इथे माझं मत वेगळं आहे. अर्जित रजा ही कमावलेली असते, कारण सांगायची सक्ती नसावी. वरिष्ठाला कारण दिलं की तो ते तोलायला बसतो. लग्न मोठं की वारी मोठी, असा हिशेब सुरू होतो. शेवंतींच्या ऑफिसात तेच झालं.

सोलापूरचे आबा
कमावलेली असली, तरी सरकारी रजा नियमांत रजा हक्क म्हणून मागता येत नाही असं स्पष्ट आहे. कामाच्या निकडीमुळे ती नाकारता किंवा पुढे ढकलता येते. बँकांच्या सेवानियमांतही बहुधा असंच वाक्य असतं. म्हणून 'मंजूर व्हावी ही विनंती' लिहायचं, 'रजेवर जात आहे' असं नाही. शाखाधिकाऱ्यांना "उद्या येत नाही" म्हटलेलं खपतं, कारण ते तिथल्या तिथे "नको रे, उद्या तपासणी आहे" म्हणू शकतात. वरच्या साहेबांना कागदावर तसं परत बोलता येत नाही, म्हणून निर्णयाची जागा त्यांच्यासाठी मोकळी ठेवायची.

कारणाच्या बाबतीत माझं पक्कं मत नाही. मी स्वतः लिहीत असे. पण शेवंतीताईंचं दुःख समजतं.

तारा_कु
मी एक मसुदा करून देते. नाव, पद, शाखा तुमची घाला.

"प्रति, मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, मुख्य कार्यालय.
मार्फत: मा. शाखाधिकारी.
विषय: दि. 8 जुलै 2026 ते 24 जुलै 2026 अर्जित रजा मिळणेबाबत.

महोदय,
माझी आई यंदा आळंदी ते पंढरपूर पायी वारीस जात आहे. तिच्या वयामुळे मी सोबत असणे आवश्यक आहे. त्यासाठी वरील कालावधीत 17 दिवसांची अर्जित रजा, दि. 25 व 26 जुलैच्या सुट्ट्या पुढे जोडून, मंजूर व्हावी ही विनंती. माझ्या खाती आजअखेर ___ दिवस अर्जित रजा शिल्लक आहे.

रजेच्या काळात माझे काम श्री. ___ पाहतील. त्याबाबत शाखाधिकाऱ्यांशी चर्चा झाली आहे. तिजोरीच्या किल्लीचा ताबा दि. 7 जुलै रोजी कामकाज संपताना नोंदवहीत नोंद करून देईन. माझा युजर या काळात बंद ठेवावा. दि. 27 जुलै रोजी कामावर हजर होईन.

आपला विश्वासू,"

पडताळणी
छान. 'युजर बंद ठेवावा' हे अर्जदारानेच लिहिलेलं मी क्वचित पाहिलंय. तपासणीत असा कागद सापडला की मी पुढचं पान उलटते.

सोलापूरचे आबा
दिवसांचा हिशेब ताईंनी बरोबर धरलाय. कोयनाकाठ, तुम्ही 19 लिहिले होते ते 26 तारखेपर्यंत मोजून. पण 25 ला चौथा शनिवार आणि 26 ला रविवार, म्हणजे त्या दोन सुट्ट्या रजेच्या शेवटी येतात. त्या पुढे जोडायची परवानगी मागितली की रजेत धरल्या जात नाहीत. मधले रविवार आणि 11 तारखेचा दुसरा शनिवार मात्र अर्जित रजेत मोजले जातात. किरकोळ रजेत ते सोडून देतात, म्हणून लोकांची गल्लत होते. तुमच्या बँकेच्या सेवानियमांत हे असंच आहे का, आस्थापनेत विचारून घ्या.

एक शंका. 'माझा युजर बंद ठेवावा' हे जरा आदेशासारखं वाटतं. 'बंद ठेवण्यात यावा' बरं.

तारा_कु
आबा, तिथे माझा आग्रह नाही. पण 'यावा, यावी' सगळीकडे पसरलं की अर्ज पुन्हा जड होतो. एका ठिकाणी चालेल.

शेवंती
'आपला विश्वासू' की 'आपला नम्र'? आमच्या शाळेत 'आज्ञाधारक विद्यार्थी' शिकवलं होतं, तेच हात लिहून जातो.

सोलापूरचे आबा
विश्वासू. आज्ञाधारक विद्यार्थ्याने मुख्याध्यापकांना लिहायचं.

कोयनाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. आज शाखाधिकाऱ्यांना ताईंचा मसुदा दाखवला. त्यांनी फक्त बदली माणसाचं नाव बदललं, कारण मी ज्यांचं लिहिलं होतं त्यांना पासिंगचे अधिकारच नाहीत. शेजारच्या शाखेतून एक अधिकारी येतील, असं ते मुख्य कार्यालयाशी बोलून ठरवणार आहेत. ते नाव आलं की शेऱ्यासह अर्ज उद्या-परवा जाईल. कारणाचं वाक्य मी ठेवलंय. साहेब आईला ओळखतात, तेव्हा लपवण्यासारखं काही नव्हतं. साहेबांना फोन अर्ज पोहोचल्यावरच करणार.

एक शेवटचा प्रश्न. वाटेत आईची तब्येत बिघडली आणि रजा वाढवावी लागली, तर रस्त्यातून काय करायचं? फलटण किंवा माळशिरसहून सीईओंना व्हॉट्सअॅप करणं बरं दिसेल का?

मुळशीकर
त्या वेळी कोण औपचारिकता बघतं? सरळ साहेबांना मेसेज करा.

तारा_कु
मेसेज करा, पण शाखाधिकाऱ्यांना. रजा संपायच्या आत, म्हणजे 24 तारखेच्या आत. किती दिवस आणि का, एवढं लिहा. दवाखान्याचा कागद असेल तर त्याचा फोटो. ते तो मुख्य कार्यालयाला कळवतील. साहेबांना थेट मेसेज गेला तर ते 'काळजी घे' म्हणतील, पण तो मेसेज रजेच्या फाईलला लागत नाही, आणि आस्थापना विभागात तुम्ही 27 तारखेपासून विनापरवाना गैरहजर दिसता. परत आल्यावर वाढीव दिवसांचा रीतसर अर्ज याच नमुन्यात द्या, आधीच्या मंजुरीचा जावक क्रमांक आणि तारीख 'संदर्भ' म्हणून घालून. त्यासाठी मंजुरीचं पत्र आलं की त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

सोलापूरचे आबा
आणि किल्ली ज्यांच्याकडे दिलीत त्यांनाही त्याच दिवशी कळवा. त्यांना 27 तारखेला तुमची वाट बघत बसायला लागू नये.